मुलाचं बचत खातं: पालकाच्या कागदपत्रांपासून अठराव्या वाढदिवसापर्यंत

लहान मुलाच्या नावाने बँकेत खातं उघडणं तसं अवघड नाही. कागद बरोबर असतील तर एका सकाळीत काम होतं. खरी अडचण येते ती मूल अठरा वर्षांचं झाल्यावर. ज्या पालकाच्या सहीवर इतकी वर्षं खातं चाललं, त्याची सही त्या दिवसापासून चालत नाही, आणि मुलाची सही बँकेकडे नसते. नेमका तो काळ बारावीनंतरच्या प्रवेशाचा, फी भरण्याचा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचा असतो.

माझ्या थोरल्या मुलीचं खातं आम्ही ती पहिलीत असताना उघडलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती सज्ञान झाली आणि खातं तिच्या सहीवर आलं. धाकट्याचं खातं अजून माझ्या सहीवर आहे. या सगळ्यातून एक गोष्ट लक्षात आली. अठराव्या वर्षी ज्या गोष्टींवरून अडतं, त्यातल्या बहुतेक पहिल्या दिवशी भरलेल्या फॉर्ममध्येच ठरलेल्या असतात. म्हणून खालच्या पायऱ्या वाचताना शेवटचा टप्पा कायम डोळ्यांसमोर ठेवा.

१. खातं कोणाच्या सहीवर चालणार ते ठरवा

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी अल्पवयीन मुलांच्या खात्यांबद्दल सुधारित सूचना काढल्या आणि १ जुलै २०२५ पर्यंत बँकांना आपली धोरणं त्याप्रमाणे करायला सांगितली. सहकारी बँकाही त्यात आल्या. त्यानुसार दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग कोणत्याही वयाच्या मुलासाठी आहे, अगदी तान्ह्या बाळासाठीसुद्धा. खातं मुलाच्या नावाने, पण व्यवहार पालकाच्या सहीने. दुसरा मार्ग दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांसाठी. बँकेची तयारी असेल तर असं मूल स्वतःच्या सहीने खातं उघडून स्वतः चालवू शकतं. रक्कम किती ठेवता येईल, एटीएम कार्ड, चेकबुक किंवा नेट बँकिंग द्यायचं की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. स्टेट बँकेत हे दोन प्रकार ‘पहला कदम’ आणि ‘पहली उडान’ या नावांनी ओळखले जातात. इतर बँकांत नावं वेगळी असतात, पण विभागणी साधारण हीच.

माझं मत विचाराल तर मूल घरीच राहत असेल तर नववी-दहावीपर्यंत पालकाच्या सहीचं खातं पुरतं. मूल वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे शिकायला असेल तर दहा वर्षांनंतरचा दुसरा प्रकार उपयोगी पडतो, कारण दर वेळी पैसे काढायला पालकाला गावाहून यावं लागत नाही. दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी खात्यात शिल्लक कायम जमेची असली पाहिजे. ओव्हरड्राफ्ट अशा खात्यावर मिळत नाही, कारण अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार कायद्याने बंधनकारक ठरत नाही.

टपाल खात्यातही असं खातं उघडता येतं. तिथे किमान रक्कम ५०० रुपये, आणि दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने खातं चालवता येतं. खेड्यात बँकेची शाखा लांब असेल तर हा चांगला पर्याय आहे.

एका बाबतीत मात्र सावध राहा. गावोगावच्या पतसंस्थाही मुलांसाठी बचत खाती उघडतात, घरी येऊन पैसे नेतात, आणि लोकांना ती बँकच वाटते. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत जे ठेव विमा संरक्षण असतं, ते पतसंस्थेतल्या ठेवींना नसतं. मुलाचे पैसे दहा-पंधरा वर्षं एका जागी राहणार आहेत, त्यामुळे हा फरक मोठा आहे.

२. पालक म्हणून कोण चालतं

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. बँकेच्या दृष्टीने ‘पालक’ म्हणजे मुलाला सांभाळणारी व्यक्ती नव्हे. पालक दोनच प्रकारचे: नैसर्गिक, म्हणजे आई किंवा वडील, आणि कायदेशीर, म्हणजे न्यायालयाने नेमलेला.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असं लिहिलेलं आहे. त्यामुळे कधी कधी अजूनही काउंटरवर ‘वडिलांना घेऊन या’ असं ऐकावं लागतं. गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये याचा अर्थ स्पष्ट केला. वडील हयात असले तरी ते मुलाची देखभाल करत नसतील किंवा हजर नसतील, तर आई पालक म्हणून काम करू शकते, वडिलांच्या मृत्यूची अट नाही. आणि बँक खात्यापुरतं बोलायचं तर हा वादही उरत नाही, कारण आईला पालक करून खातं उघडता येतं हे रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच लिहिलेलं आहे, आणि ते कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला लागू आहे. कुणी अडवलं तर शांतपणे शाखाधिकाऱ्यांना २१ एप्रिल २०२५ चं परिपत्रक दाखवा.

आमच्या घरी मी पालक झाले, कारण मुलांच्या वडिलांच्या नोकरीत दर काही वर्षांनी बदली ठरलेली. हे कारण तुम्हीही विचारात घ्या. फॉर्मवर ज्याचं नाव पालक म्हणून आहे, त्याच्याच सहीने पैसे निघतात. आई आणि वडील दोघंही पालक असले तरी खात्यावर एकच नाव असतं. नंतर पालक बदलता येतो, पण त्यासाठी पुन्हा अर्ज आणि नव्या पालकाची केवायसी करावी लागते. म्हणून जो गावात राहतो आणि शाखेत जाऊ शकतो त्याचं नाव द्या.

आजी-आजोबा, काका, मामा किंवा आत्या नातवाचं-भाच्याचं खातं प्रेमाने उघडायला जातात आणि परत पाठवले जातात. आई-वडिलांपैकी कोणीही हयात असताना त्यांना पालक म्हणून घेतलं जात नाही. ते खात्यात पैसे जरूर भरू शकतात. आई-वडील दोघंही नसतील तर सांभाळणाऱ्या नातेवाइकाला पालक व वार्ड अधिनियम, १८९० खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो, आणि त्या आदेशाची प्रमाणित प्रत बँकेत द्यावी लागते. मूल दत्तक असेल तर दत्तकाचा आदेश किंवा नोंदणीकृत दत्तकपत्र सोबत ठेवा. घटस्फोट झाला असेल तर ताबा कोणाकडे आहे हे सांगणारा न्यायालयाचा आदेश न्या, कारण पुढे दुसऱ्या पालकाने हरकत घेतली तर बँक तोच कागद बघते.

३. कागदपत्रांची थैली

मुलाचे कागद:

- जन्म दाखला, महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा
- आधार कार्ड
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो

पालकाचे कागद:

- आधार कार्ड, किंवा पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांसारखा मान्य पुरावा
- पॅन कार्ड. नसेल तर बँकेत मिळणारं फॉर्म ६० हे घोषणापत्र
- फोटो
- सध्याचा पत्ता आधारवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर त्याचा पुरावा
- त्याच बँकेत स्वतःचं खातं असेल तर पासबुक

झेरॉक्स प्रतींवर सही करा आणि मूळ कागद पडताळणीसाठी सोबत न्या. मुलाचं पॅन कार्ड बचत खात्यासाठी सहसा लागत नाही.

या सगळ्यात जन्म दाखला सर्वांत महत्त्वाचा. तो वय तर सांगतोच, पण पालक आणि मूल यांचं नातंही तोच सिद्ध करतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून कायद्याने जन्म दाखल्यालाच मान दिलेला आहे. घरी गेल्यावर दाखला काढून आधी एवढंच बघा: त्यावर मुलाचं नाव आहे का? रुग्णालयातून नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर नावाची जागा कोरीच असते. हे नाव निबंधकाकडे नंतर घालता येतं, पण जन्मापासून पंधरा वर्षांच्या आत. पहिल्या वर्षात विनाशुल्क, नंतर विलंब शुल्क भरून.

४. नाव एकच, सगळीकडे

थैली भरल्यावर मुलाचे सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवा. मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, आडनाव कधी आधी तर कधी शेवटी, ‘वैष्णवी’च्या स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘आय’ तर कुठे डबल ‘ई’, अशा फरकांकडे पहिलीतल्या मुलाच्या खात्यावर कोणी फारसं लक्ष देत नाही. अठराव्या वर्षी पॅन आधारवरून तयार होतं, खात्यावरचं नाव वेगळं निघतं, आणि मग संगणकातच काम अडकतं.

महाराष्ट्रात यात आणखी एक भर पडली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. तुमचं बाळ त्यानंतरचं असेल तर दाखल्यावर चार शब्दांचं नाव असेल, आणि आधार काढताना कोणी सवयीने तीन शब्द भरले तर पहिल्याच दिवसापासून दोन नावं होतील. जन्म दाखल्यात आहे तेच नाव आधारला, आधारला आहे तेच बँकेत, हा क्रम पाळा. फरक असेल तर खातं उघडण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या. त्यात थोडे दिवस गेले तरी चालतील.

५. शाखेत फॉर्म भरताना

फॉर्मवर खातेदाराच्या जागी मुलाचं नाव आणि पालकाच्या जागी तुमचं. त्याखाली एक घोषणा असते: या खात्यातून काढलेली रक्कम मुलाच्याच हितासाठी वापरली जाईल, आणि उद्या मुलाने दावा केला तर त्याची जबाबदारी माझी. बहुतेक जण न वाचता सही करतात. वाचा, कारण खातं कोणाचं आहे याचं उत्तर तिथेच आहे. पैसे मुलाचे आहेत, पालक फक्त सही करतो. घरखर्चाला अडचण आली म्हणून ते खातं आपलं समजून रिकामं करण्याचा अधिकार पालकाला नाही.

वारसनोंद, म्हणजे नॉमिनेशन, त्याच दिवशी करा. ‘मी पालक आहे, म्हणजे नॉमिनी मीच’ असा समज सर्रास आढळतो. तसं आपोआप होत नाही. मुलाच्या वतीने पालकाला वारस नेमता येतो, आणि त्यासाठी वेगळा रकाना भरून सही करावी लागते. पासबुकावर ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ असं छापलंय ना, हे पाहूनच काउंटर सोडा.

मोबाइल क्रमांक अर्थातच पालकाचा जातो. पण तो कायम चालू राहणारा द्या. ऑफिसचा किंवा दर दोन वर्षांनी बदलणारा नको.

६. मधली वर्षं

खातं चालू झाल्यावर फार काही करावं लागत नाही, मात्र वर्षातून एखादा व्यवहार तरी होऊ द्या. दोन वर्षं ग्राहकाने काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय गणलं जातं आणि पुन्हा चालू करायला नव्याने केवायसी द्यावी लागते. वाढदिवसाला आजीने दिलेले पाचशे रुपये भरले तरी पुरतं.

कराबाबत थोडक्यात. मुलाच्या पैशांवरचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त आहे त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. समजा मुलाच्या नावाने एक लाखाची मुदत ठेव सात टक्क्यांनी ठेवली, तर वर्षाचे साधारण सात हजार रुपये त्या पालकाच्या विवरणपत्रात दाखवायचे. जुन्या करपद्धतीत एका मुलामागे १,५०० रुपयांची सूट मिळते, म्हणजे ५,५०० धरायचे. नव्या पद्धतीत ही सूट नाही, पूर्ण सात हजार. मुलाने स्वतःच्या कलेतून किंवा कष्टातून मिळवलेलं उत्पन्न मात्र असं मिळवलं जात नाही. म्हणजे एखाद्या मुलीला नाटकात किंवा मालिकेत काम करून मानधन मिळालं तर ते तिचं स्वतःचं उत्पन्न.

आता आधारकडे वळू, कारण मधल्या वर्षांत सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर एकदा आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर एकदा ठसे, डोळ्यांची बुबुळं आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. पंधराव्या वर्षीचं हे काम दहावीच्या गडबडीत हमखास राहून जातं. मग अठराव्या वर्षी मूल बँकेत ठशाने केवायसी करायला बसतं आणि यंत्र ठसा जुळत नाही म्हणतं, कारण तिथे अजून पाच वर्षांच्या मुलाचे ठसे आहेत. दहावीची परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत हे उरकून घ्या.

शिष्यवृत्तीचे पैसे या खात्यात यायचे असतील तर आणखी एक गोष्ट बघा. बँकेत आधारची झेरॉक्स देणं म्हणजे आधार ‘सीडिंग’ होणं नव्हे. सरकारी रक्कम आधार क्रमांकावरून पाठवली जाते तेव्हा ती बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत त्या आधारसमोर जी बँक आहे तिथे जाते. मुलाचं आधार मुलाच्या खात्याला जोडण्यासाठी वेगळा संमतीचा फॉर्म भरून द्या. जोडणी झाली का ते myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर Bank Seeding Status मध्ये दिसतं.

७. सतरा पूर्ण झाल्यावर

मूल सतरा वर्षांचं झालं की तयारी सुरू करा. आमच्या मुलीचा वाढदिवस १४ ऑगस्टचा. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या आणि फी भरण्याच्या तारखा त्याच सुमारास येणार हे दिसत होतं, म्हणून मे महिन्यातच आम्ही यादी केली.

सर्वांत आधी तिच्या आधारला तिचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडला. तोवर तिथे माझा क्रमांक होता. हे आम्ही आधार केंद्रात जाऊन केलं. पुढची सगळी कामं याच एका गोष्टीवर टांगलेली आहेत. सज्ञान झाल्यावर आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून आधारच्या ओटीपीवर मोफत ई-पॅन मिळतं, पण त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा आणि आधारमध्ये पूर्ण जन्मतारीख हवी. ही सोय अल्पवयीन मुलांना नाही, म्हणून अठरा पूर्ण व्हायची वाट बघावीच लागते. तुमच्या मुलाचं पॅन लहानपणीच काढलेलं असेल तर नवं काढू नका. त्या कार्डावर फोटो आणि सही नसते, ती घालण्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. एका माणसाला दोन पॅन ठेवता येत नाहीत.

दुसरं, सही ठरवायला सांगा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सतरा-अठराची मुलं सही दर वेळी वेगळी करतात. जी सही पॅनवर जाईल तीच बँकेत नमुना म्हणून जाऊ द्या.

तिसरं, या खात्यातून आपोआप जाणारे हप्ते शोधा. मुलाच्या नावाने म्युच्युअल फंडाची एसआयपी असेल तर ती मूल सज्ञान होण्याच्या दिवसापासून थांबते, आणि फंडाकडेही वेगळं रूपांतर करावं लागतं. फंडाच्या त्या फॉर्मवर मुलाची सही बँकेने प्रमाणित केलेली मागतात. म्हणजे आधी बँक, मग फंड.

चौथं, फीसाठी लागणारी रक्कम. फीची तारीख वाढदिवसाच्या मागेपुढे येत असेल तर ती रक्कम आधीच पालकाच्या खात्यातून भरायची व्यवस्था ठेवा, किंवा मुलाच्या खात्यातून वाढदिवसाआधी भरून टाका.

८. अठराव्या वाढदिवशी काय थांबतं

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ प्रमाणे अठरावा वाढदिवस सुरू होताच माणूस सज्ञान होतो. दिवस संपायची वाट बघावी लागत नाही. पूर्वी न्यायालयाने पालक नेमलेला असेल तर ही मर्यादा एकवीस वर्षांची असे. १९९९ च्या दुरुस्तीनंतर सर्वांना अठराच.

त्या क्षणी पालकाचा अधिकार संपतो. बँकेच्या संगणकात जन्मतारीख असल्यामुळे खात्यातून पैसे काढण्यावर आपोआप बंदी येते. पालकाने सही करून आधी दिलेला चेक त्यानंतर वटायला गेला तर परत येऊ शकतो. खात्यात पैसे जमा होणं साधारणतः चालू राहतं, आणि तिथेच फसगत होते: जमा दिसते म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं आणि काढायला गेल्यावर कळतं.

बँकेने हे आधीच कळवायला हवं अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. पण एसएमएस कोणत्या क्रमांकावर येणार? जो सात-दहा वर्षांपूर्वी दिला त्यावर. म्हणून कळवण्याची वाट बघू नका.

९. खातं मुलाच्या सहीवर आणणं

काउंटरवर जाऊन ‘मायनरचं मेजर करायचंय’ एवढं सांगा, लगेच कळतं. आमच्या बाबतीत क्रम असा झाला. १४ ऑगस्टलाच मुलीने ई-पॅनचा अर्ज केला. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, त्याला लागून शनिवार-रविवार. सोमवारी आम्ही दोघी शाखेत गेलो. सोबत तिचं आधार, पॅनची छापील प्रत, फोटो आणि जुनं पासबुक होतं.

तिने रूपांतराचा फॉर्म भरला, ज्यात खातं नव्याने उघडताना विचारतात तेच सगळं असतं: पत्ता, व्यवसायाच्या जागी विद्यार्थी, स्वतःचा मोबाइल, ईमेल, वारस. नमुना सही दिली. आधारच्या ठशावर केवायसी झाली. त्यानंतर दिलेली शिल्लक बरोबर आहे अशी खात्री करून सही घेतात. पालकाच्या सहीवर चाललेल्या खात्याची शिल्लक निश्चित करून घ्यावी असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. या टप्प्याला घाई करू नका. मुलाला पासबुक पूर्ण भरून घ्यायला सांगा आणि शेवटची रक्कम बघूनच सही करू द्या. त्या सहीनंतर खात्याची सगळी जबाबदारी त्याची.

पालक शाखेत येऊ शकत नसेल तर आधी शाखेला विचारून घ्या. आणि मूल शिक्षणासाठी पुण्याला किंवा आणखी कुठे गेलं असेल, तर त्याच बँकेच्या तिथल्या शाखेत केवायसीचे कागद चालतील का, हे मूळ शाखेकडून समजून घ्या. गावाहून फक्त यासाठी हेलपाटा नको.

खातं तेच राहणार, पण त्याचा प्रकार बदलतो हे विसरू नका. मुलांच्या खात्याला किमान शिल्लकेची अट नव्हती म्हणून मोठ्यांच्या खात्यालाही नसेल असं गृहीत धरू नका. कोणत्या प्रकारात खातं जाणार आहे ते फॉर्म भरतानाच विचारा, आणि विद्यार्थ्यासाठी शून्य शिल्लकेचा प्रकार असेल तर तोच मागा.

दहा वर्षांनंतर मुलाने स्वतःच्या सहीने उघडलेलं खातं असलं तरी हे सगळं टळत नाही. नवी नमुना सही आणि व्यवहाराच्या नव्या सूचना तिथेही द्याव्या लागतात. टपाल खात्यात तर सज्ञान झाल्यावर नवा अर्ज आणि केवायसीचे कागद देऊन खातं नावावर करून घ्यायचं असतं.

१०. त्यानंतरच्या आठवड्यात

नवं एटीएम कार्ड आणि चेकबुक मागवा. मुलांच्या खात्यावरचं जुनं चेकबुक शिल्लक असेल तर शाखेत परत द्या. यूपीआय मुलाच्या स्वतःच्या मोबाइलवर, बँकेत आता नोंदलेल्या क्रमांकावरून सुरू करा. मुलाच्या नावाच्या मुदत ठेवी त्याच शाखेत असतील तर त्यांच्यावरचं पालकाचं नाव काढून नमुना सही तिथेही लावून घ्या, नाहीतर मुदत संपल्यावर ठेवीसाठी पुन्हा तेच कागद द्यावे लागतील. मुलीचं सुकन्या समृद्धी खातं असेल तर तेही अठरा पूर्ण झाल्यावर तिच्याच हातात येतं. त्यासाठी ते जिथे आहे त्या बँकेत किंवा टपाल कार्यालयात तिचे कागद वेगळे द्या.

आणि महाविद्यालयात पहिल्या आठवड्यात एखाद्या बँकेचं टेबल लागेल, सगळी मुलं तिथे पटकन नवं खातं उघडतील. तुमच्या मुलानेही उघडलं तर हरकत नाही, पण आधार सीडिंगच्या रकान्यावर खूण करण्याआधी त्याला थांबायला सांगा. महाडीबीटीची शिष्यवृत्ती शेवटचं सीडिंग जिथे झालं त्या खात्यात जाते. जुन्या खात्यात पैशांची वाट बघत बसाल आणि ते नव्या खात्यात पडलेले असतील. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या दिवशी Bank Seeding Status पुन्हा एकदा उघडून बँकेचं नाव वाचून घ्या.